नवा जोडलेला पीसी: बटण दाबलं की पंखा पाव गिरकी घेतो आणि सगळं शांत

खटपट्या (रविवार, रात्री ११:४०)

मंडळी, तीन दिवस झाले झोप नाही. आयुष्यात पहिल्यांदा स्वतः पीसी जोडलाय आणि तो एकदाही सुरू झालेला नाही. म्हणजे बिघडला असंही म्हणता येत नाही, कारण आधी चालत होता असं काही नाहीच.

सामान: रायझन ५ ५६००जी, बी५५० चा एटीएक्स बोर्ड, ८-८ जीबीच्या दोन डीडीआर४ रॅम, ५५० वॅटचा एसएमपीएस, एनव्हीएमई. वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, प्रोसेसरमध्येच आहे. कॅबिनेट तेवढं नवीन नाही, चुलतभावाच्या जुन्या पीसीचं आणलंय, ते बरं होतं म्हणून पैसे वाचवले.

शुक्रवारी सगळं टेबलावर बोर्डाच्या खोक्यावरच जोडून बघितलं. पंखे मस्त फिरत होते पण मॉनिटरवर काहीच नाही. भावाला फोन केला तर तो म्हणाला सीपीयूची वायर वेगळी असते ती लावलीस का, तर नव्हती लावली, मला वाटलं ती मोठी २४ पिनची लावली की झालं. मग शनिवारी बोर्ड कॅबिनेटमध्ये बसवला, ती वायर पण लावली आणि बटण दाबलं. आता सीपीयूचा पंखा जेमतेम पाव गिरकी घेतो, एसएमपीएसमधून टिक्क असा आवाज येतो आणि सगळं ठप्प. परत बटण दाबलं तर काहीच नाही. मागचं बटण बंद करून थोड्या वेळाने चालू केलं की परत पाव गिरकी.

बाबा दर दोन तासांनी येऊन विचारतायत, "एवढे पैसे घातलेस, पंखा तरी पूर्ण फिरतो का?" दुकानदार म्हणतो आमच्याकडे असेंब्ली केली नाही तर आम्ही बघणार नाही. घरीच सुटेल का हे, की कुठेतरी न्यावं?

---

शेंगदाणा (रात्री ११:५२)

नारळ फोडला होता का?

---

जुना_खिळा (रात्री ११:५८)

९९ टक्के रॅम. रॅम काढ, सोनेरी पट्टीवर शाळेतलं खोडरबर घास, फुंकर मार, परत लाव. वीस वर्षं हेच करतोय आणि कधी फेल गेलेलं नाही.

---

नाच_रे_मोरा (सोमवार, सकाळी ७:१५)

माझा पण सुरू व्हायला दहा मिनिटं घेतो. २०१४ चा आहे. विंडोजचं चक्र फिरत राहतं नुसतं. एसएसडी टाकू का?

---

शेंगदाणा (सकाळी ७:२०)

मोरा, तुझं चक्र पूर्ण फिरतं, धागाकर्त्याचं पावच फिरतं. हाच फरक आहे.

---

चाफेकळी (सकाळी ८:३०)

बी५५० बोर्ड जुन्या स्टॉकमधला असेल तर त्यात ५००० सिरीजसाठी बायोस नसतो. हे बोर्ड २०२० च्या जूनमध्ये आले तेव्हा ५६००जी बाजारात नव्हताच. माझ्या ऑफिसातल्या मुलाला अगदी असंच झालं होतं, पेन ड्राइव्हवर बायोस टाकून मागच्या फ्लॅशबॅक बटणाने अपडेट केला आणि लगेच चालू. तुमच्या बोर्डाला ते बटण आहे का बघा.

---

बदलापूर_लोकल (सकाळी ९:०५)

मी रिपेअरिंगचं काम करतो, पंधराएक वर्षं झाली. लोकलमधून टाइप करतोय, चुका पोटात घाला.

चाफेकळी ताई, बायोसचा मुद्दा खरा आहे पण ती लक्षणं वेगळी. बायोसला प्रोसेसर ओळखता आला नाही तर पंखे फिरत राहतात आणि स्क्रीन काळी राहते. इथे वीजच बंद होतेय. पंखा पाव गिरकी घेतो म्हणजे एसएमपीएसने वीज द्यायला सुरुवात केली, कुठेतरी नको तेवढा करंट गेला आणि त्याने स्वतःला बंद केलं. नंतर बटणाला दाद देत नाही आणि मागून बंद करून उघडल्यावर परत एकदा प्रयत्न करतो, हे शॉर्ट सर्किटच्या प्रोटेक्शनचं वागणं आहे. रॅम नीट बसली नसेल तरी सहसा असं होत नाही, तेव्हा खिळे काका, खोडरबर सध्या खिशात ठेवा.

खटपट्या, दोन गोष्टी सांग. बंद व्हायला नक्की किती वेळ लागतो? मोबाईलवर स्लो मोशन व्हिडिओ काढ. सेकंदाच्या आत बंद झाला तर मी म्हणतो ते. चार-पाच सेकंदांनी बंद होत असेल तर कॅबिनेटचं पॉवर बटण आत अडकून बसलंय का बघ, कारण बटण चारेक सेकंद दाबून धरलं की पीसी जबरदस्तीने बंद होतो, मग ते तुझ्या बोटाने दाबलेलं असो की स्वतःच अडकलेलं. आणि दुसरं, सीपीयूला लावलीस ती वायर नक्की कुठली? फोटो टाक.

---

जुना_खिळा (सकाळी ९:४०)

ठीक आहे, पण रबर घासायला जातंय काय. झाला तर फायदाच.

---

बदलापूर_लोकल (सकाळी ९:४८)

काका, पाच-सात वर्षं जुन्या, दमट हवेत काळवंडलेल्या रॅमला रबर चालतं, मी पण घासतो. कालच पाकिटातून काढलेल्या रॅमवर घासायला काही नसतंच, उलट रबराचे कण स्लॉटमध्ये जातात. आणि फुंकर तर नकोच, तोंडातला ओलावा जातो.

---

गारठलेली (सकाळी १०:१०)

कॅल्गरीहून. इथे हिवाळ्यात घरातली हवा इतकी कोरडी असते की मांजराला हात लावला तरी ठिणगी उडते. मी पहिला पीसी गालिच्यावर बसून, लोकरीचे मोजे घालून जोडला होता. तो चालला, पण त्या दिवसानंतर एक यूएसबी पोर्ट कायमचा मेला तो मेलाच. स्टॅटिकमुळेच का, हे आजही माहीत नाही. खटपट्या, तू कुठे बसून जोडलास?

---

खटपट्या (दुपारी १:२०)

@गारठलेली: इचलकरंजी, फरशीवर, अनवाणी. स्टॅटिक कसली येतेय, घामाने हातातला स्क्रू निसटत होता.

@बदलापूर_लोकल: दादा, व्हिडिओ काढला. बटण दाबल्यापासून अर्ध्या सेकंदाच्या आत सगळं बंद. फोटो खाली टाकलाय. वायर बोर्डाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात आठ पिनच्या सॉकेटमध्ये लावलीय, बसायला फार घट्ट होती, अंगठा लाल झाला. एसएमपीएसला आठ पिनच्या दोन प्रकारच्या वायरी आहेत, एक मधोमध चिरून चार-चार होते, दुसरी सहा आणि दोन अशी. मी कुठली लावली ते आता आठवत नाही आणि फोटोत पण कळत नाहीये बहुतेक, कोपऱ्यात अंधार आहे.

---

शेंगदाणा (दुपारी १:२६)

फोटोत फक्त तुझा अंगठा दिसतोय. लाल आहे, खरंय.

---

पुणेरी_फेटा (दुपारी २:००)

घट्ट बसली म्हणजे नक्की ग्राफिक्स कार्डची वायर सीपीयूच्या सॉकेटात कोंबलीय. केस क्लोज. आता बोर्ड गेला, एसएमपीएस गेला, प्रोसेसर पण गेला असणार. पुढच्या वेळी मॅन्युअल वाचत चला.

---

बदलापूर_लोकल (दुपारी २:३५)

फेटेवाले, इतक्यात तेरावं घालू नका.

सीपीयूची वायर चार अधिक चार अशी फुटते आणि ग्राफिक्सची सहा अधिक दोन. दिसायला सारख्या, पण सीपीयूच्या वायरीत ज्या बाजूला १२ व्होल्ट असतात त्या बाजूला ग्राफिक्सच्या वायरीत ग्राउंड असतं. म्हणजे चुकीची लावली तर थेट १२ व्होल्ट आणि ग्राउंडची गाठ. म्हणून तर दोन्हीच्या पिनांचे आकार वेगळे ठेवलेत, काही चौकोनी, काही एका बाजूने कोपरे कापलेल्या. न कोंबता जात नाही, पण नव्या माणसाचा अंगठा काय करेल सांगता येत नाही. आणि खरी सीपीयूची वायर पण पहिल्यांदा घट्टच बसते, त्यामुळे नुसत्या घट्टपणावरून काही ठरत नाही. तसंच कोंबली असली तरी एसएमपीएस अर्ध्या सेकंदात बंद होतोय, म्हणजे त्याचं प्रोटेक्शन काम करतंय. बहुतेक वेळा सामान वाचतं.

खटपट्या, टॉर्च मार आणि चिरेचा कंगोरा बघ. दोन सारखे तुकडे आहेत की एक मोठा एक छोटा? आणि बोर्डावर त्या सॉकेटशेजारी काय छापलंय तेही वाच.

आता मुख्य गोष्ट. तू शुक्रवार आणि शनिवारच्या मध्ये एकदम दोन गोष्टी बदलल्यास. सीपीयूची वायर लावलीस आणि बोर्ड कॅबिनेटमध्ये घातलास. त्यामुळे दोष वायरीचा की कॅबिनेटचा हे आत्ता कोणीच सांगू शकत नाही, फेटा पण नाही आणि मी पण नाही. बोर्ड बाहेर काढ, परत त्याच खोक्यावर ठेव, आणि यावेळी सीपीयूची वायर लावून बघ. बाहेर सुद्धा टिक्क झालं तर वायर किंवा बोर्ड. बाहेर पंखे फिरत राहिले तर कॅबिनेट.

---

चाफेकळी (दुपारी ३:१०)

खोक्यावर की बोर्ड येतो त्या चंदेरी पिशवीवर? मी तर पिशवीवरच ठेवते, अँटिस्टॅटिक असते ना ती.

---

बदलापूर_लोकल (दुपारी ३:२५)

खोक्याच्या पुठ्ठ्यावर. चंदेरी पिशवीत धातूचा थर असतो, आत ठेवायला ती चांगली, पण तिच्यावर ठेवून वीज द्यायला मी धजत नाही.

---

पुणेरी_फेटा (दुपारी ३:३०)

तो थर आतल्या बाजूला असतो, बाहेरून प्लॅस्टिकच असतं. मी दहा बोर्ड पिशवीवर चालवलेत, काही झालं नाही.

---

बदलापूर_लोकल (दुपारी ३:३४)

अकराव्याला कळवा.

---

मिसळपंथी (दुपारी ४:००)

वाचनमात्र होतो, एक बारीक शंका. शुक्रवारी सीपीयूला वीजच नव्हती तर पंखे कसे फिरले? प्रोसेसर झोपलेला असताना पंख्याला कोणी सांगितलं फिर म्हणून?

---

बदलापूर_लोकल (दुपारी ४:४५)

चांगला प्रश्न, आणि याच जागी नव्या लोकांची फसगत होते. पंख्यांना वीज त्या मोठ्या २४ पिनच्या वायरीतून मिळते आणि बटण दाबल्यावर एसएमपीएसला उठवायचं काम बोर्डावरच्या दुसऱ्या छोट्या चिप करतात. प्रोसेसरला लागणारी वीज मात्र आठ पिनच्या वायरीतून शेजारच्या कॉइलपर्यंत येते आणि तिथून व्होल्टेज कमी होऊन पुढे जाते. ती वायर नसेल तर बऱ्याच बोर्डांवर पंखे, दिवे सगळं झकास दिसतं आणि आत प्रोसेसर बेशुद्ध. काही बोर्ड मात्र अशा वेळी अजिबात उठत नाहीत.

---

खटपट्या (संध्याकाळी ७:५०)

टॉर्च मारून बघितलं. चार-चारच आहे! दोन सारखे तुकडे. वायरीच्या टोकावर सीपीयू असं बारीक कोरलंय पण, तेव्हा दिसलंच नव्हतं. फेटेदादा, केस परत ओपन करा.

आता जेवून बोर्ड बाहेर काढतो. बाबा शेजारी खुर्ची घेऊन बसलेत, त्यांना "ऑपरेशन" बघायचंय.

---

पुणेरी_फेटा (संध्याकाळी ८:०५)

बरं. मग स्टँडऑफ, त्या बोर्डाखालच्या पितळी खुंट्या. मी म्हणणारच होतो.

---

शेंगदाणा (संध्याकाळी ८:०६)

हो हो, ओठांवरच होतं तुमच्या.

---

खटपट्या (रात्री १०:३०)

मंडळी!!! बाहेर काढून खोक्यावर ठेवला, २४ पिन, सीपीयूची वायर, पंखा, बस. कॅबिनेटचं बटण लांब राहिलं म्हणून बोर्डावरच्या त्याच्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक लावलं (भीतभीत). पंखा फिरला आणि फिरतच राहिला! बाबांनी टाळी वाजवली.

पण स्क्रीन काळीच. बोर्डाच्या उजव्या कडेला चार बारीक दिवे आहेत, त्यातला डीरॅम लिहिलेला पेटून राहिलाय.

आणि हे बघा, कॅबिनेटचा रिकामा पत्रा. त्यात अकरा पितळी खुंट्या आहेत. बोर्डाला भोकं नऊ.

---

मिसळपंथी (रात्री १०:३४)

अकरा वजा नऊ. गणित जमलं मला.

---

बदलापूर_लोकल (रात्री १०:५०)

सापडला चोर. भावाचा जुना बोर्ड मायक्रो एटीएक्स होता का? तो २४४ मिलिमीटरचा चौकोन असतो आणि तुझा एटीएक्स ३०५ उंच. मायक्रोच्या खालच्या कडेची भोकं जिथे येतात तिथे एटीएक्सला भोकं नाहीत, तिथे बोर्डाचा नुसता पोटाचा भाग येतो, म्हणजे तुझ्या बोर्डाच्या खालच्या कडेपासून सहा-सात सेंटीमीटर वर. त्या ओळीतल्या खुंट्या तशाच राहिल्या आणि तू एटीएक्सच्या खुंट्या वाढवून बोर्ड ठेवलास.

बोर्ड उलटा करून बघ, त्या जागी सोल्डरच्या टोकांवर घासल्याची खूण आहे का.

---

खटपट्या (रात्री ११:१०)

हो, भावाचा छोटा चौकोनीच होता. आणि खूण आहे! खालच्या लांब स्लॉटच्या मागे सोल्डरची तीन-चार टोकं चपटी होऊन चकाकतायत, अगदी खुंटीच्या तोंडाएवढ्या गोलात. नख लावलं तर कळतं. मी बोर्ड बसवताना भोकं नीट जुळत नव्हती म्हणून जरा दाबला होता, आता कळलं का जुळत नव्हती ते.

---

जुना_खिळा (रात्री ११:१५)

आमच्या वेळी स्क्रूखाली लाल फायबरचे वॉशर यायचे, ते लावले की शॉर्टचा प्रश्नच नाही. आता सगळीकडे काटकसर. मी तर मागे पूर्ण पुठ्ठा कापून घालतो बोर्डाखाली.

---

बदलापूर_लोकल (रात्री ११:२८)

काका, वॉशर आठवतात. पण भोकाच्या भोवती ती चांदीसारखी कडी असते ना, ती मुद्दाम ग्राउंडला जोडलेली असते, तिथे खुंटी आणि स्क्रू टेकला तर काही बिघडत नाही. प्रश्न फक्त भोक नसलेल्या जागी खुंटी असण्याचा आहे, आणि तिथे वॉशर काय करणार, तिथे स्क्रूच नाही. पुठ्ठा घालू नका, मागून हवा कोंडते आणि बोर्ड वर उचलला जाऊन मागची पट्टी जुळत नाही.

खटपट्या, आता घाई करून आत घालू नको. रॅमचा प्रश्न बाहेरच सोडव. एकच रॅम ठेव, प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या स्लॉटात, तोच ए२. दोन लावायच्या असतील तेव्हा दुसरा आणि चौथा.

---

खटपट्या (रात्री ११:४०)

मी पहिल्या आणि दुसऱ्यात लावल्या होत्या, शेजारी-शेजारी छान दिसतात म्हणून. आणि बसल्या होत्या हो नीट, वरची क्लिप लागलेली दिसतेय.

---

गारठलेली (रात्री ११:५५)

वरची लागली, खालची? काही बोर्डांवर एकाच टोकाला हलणारी क्लिप असते, दुसरं टोक स्थिर असतं. स्थिर टोक नेहमी बसल्यासारखंच दिसतं, माझी तिथेच फसगत झाली होती. बोर्डाच्या पातळीला डोळा नेऊन बघ, सोनेरी पट्टी एका बाजूला जास्त दिसतेय का. बसलेल्या रॅमची पट्टी जवळपास दिसतच नाही.

---

खटपट्या (मंगळवार, रात्री १२:१५)

ताई, पाय धरतो. खालच्या टोकाला सोनेरी रेघ चक्क दोन मिलिमीटर दिसत होती. दाबायला भीती वाटत होती कारण कॅबिनेटमध्ये दाबताना बोर्ड त्या कडेला स्प्रिंगसारखा वाकत होता. आता टेबलावर, खाली पुठ्ठा, दोन्ही अंगठे दोन्ही टोकांना ठेवून आधी एक आणि मग दुसरं असं दाबलं. खट्ट असा आवाज आला आणि क्लिप आपोआप आत पडली. बाबा म्हणाले, "मोडलं."

मोडलं नाही. चालू केलं तर डीरॅमचा दिवा अजून पेटलेलाच आहे. दोन मिनिटं झाली. बंद करू का?

---

बदलापूर_लोकल (रात्री १२:१८)

अजिबात हात लावू नको!! पहिल्यांदा बोर्ड रॅमशी जुळवून घेतो, वेगवेगळे टायमिंग लावून बघतो, त्यात स्वतःच एक-दोनदा बंद-चालू होईल. तुझ्यासारख्या एएम४ बोर्डावर सहसा मिनिटभरात होतं, तू थोडं जास्त थांब. पाच मिनिटांत काही नाही झालं तर दुसरी रॅम त्याच स्लॉटात.

---

खटपट्या (रात्री १२:२४)

आलं!!!!!

म्हणजे लगेच नाही आलं. मध्ये एकदा स्वतःच बंद होऊन चालू झाला, माझा जीव खाली-वर, मग डीरॅमचा दिवा विझला, व्हीजीएचा पेटून विझला, आणि काळ्या स्क्रीनवर इंग्रजीत काहीतरी आलंय. fTPM म्हणतोय आणि `Press Y to reset fTPM`. वाय दाबू का एन?

---

चाफेकळी (रात्री १२:३१)

नव्या पीसीत जुना बिटलॉकर वगैरे काही नसेल तर वाय दाबा. जुनी विंडोजची डिस्क लावली असेल आणि ती लॉक असेल तर एन, नाहीतर रिकव्हरी की शोधत बसावं लागतं. तुमची एनव्हीएमई नवीन आहे ना, मग वाय.

आणि माझा बायोसचा अंदाज चुकला हे मान्य, पण विंडोज टाकून झाल्यावर अपडेट बघाच.

---

खटपट्या (सकाळी ९:३०)

काल वाय दाबलं आणि बायोस उघडला. प्रोसेसरचं नाव, ८ जीबी, एनव्हीएमई, सगळं दिसतंय. बाबांना फोटो काढायचा होता म्हणून मॉनिटर परत परत चालू केला.

सकाळी अकरामधल्या दोन खुंट्या काढल्या. एक हाताने निघाली, दुसरी पत्र्यात अडकलेली, तिला पक्कड लावावी लागली. आणि भावाने म्हणे वाकलेला बोर्ड सरळ बसावा म्हणून खुंट्यांमध्ये एक जास्त लांबीची घातली होती, तीही बदलली. बोर्ड ठेवल्यावर प्रत्येक भोकातून खाली पितळ दिसतंय का ते बघितलं, नऊही दिसली. आता रॅमच्या कडेला दाबलं तरी वाकत नाही.

दुसरी रॅम चौथ्या स्लॉटात लावली. १६ जीबी दिसतंय. फक्त एक खटकतंय, रॅम ३२०० ची आहे आणि बायोस २६६६ दाखवतोय. आणि सीपीयूच्या आठ पिनांच्या शेजारी अजून एक चार पिनांचं सॉकेट रिकामं आहे, त्याची वायरच नाही माझ्याकडे.

---

पुणेरी_फेटा (सकाळी ९:४५)

रिकामं ठेवू नका. वीज कमी पडून बोर्ड जळेल. एसएमपीएस बदला.

---

बदलापूर_लोकल (सकाळी १०:००)

६५ वॅटचा प्रोसेसर आहे, त्याला आठ पिन भरपूर झाल्या. ती जास्तीची चार पिन मोठ्या प्रोसेसरला ओव्हरक्लॉक करणाऱ्यांसाठी. रिकामी राहू दे.

२६६६ म्हणजे रॅमला पूर्ण वेग देणारं एक्सएमपी बंद आहे. बायोसमध्ये चालू कर, पण आज नको. आधी विंडोज टाक, दोन दिवस वापर, मग. एकावेळी एक गोष्ट बदलायची, हे तुला आता वेगळं सांगायला नको. आणि त्या चपट्या झालेल्या टोकांच्या स्लॉटात पुढे कधी कार्ड लावलंस तर लक्ष ठेव. तिथे आतून काही दुखावलंय का हे मी फोटोवरून सांगू शकत नाही.

---

मिसळपंथी (सकाळी १०:२०)

मूळ प्रश्न दुकानात न्यावं का हा होता. नेलं असतं तर त्यांनी काय केलं असतं?

---

बदलापूर_लोकल (सकाळी १०:३२)

खरं सांगू? बोर्ड बाहेर काढून पुठ्ठ्यावर ठेवला असता. माझ्या टेबलावर पहिली दहा मिनिटं हेच होतं. फरक एवढाच की माझ्याकडे चालू एसएमपीएस आणि चालू रॅम बाजूला पडलेली असते, बदलून बघता येते. घरी ती सोय नसते, म्हणून बाहेर काढूनही टिक्क झालं असतं तर मी न्यायलाच सांगितलं असतं. वॉरंटी म्हणशील तर ती प्रत्येक पार्टच्या कंपनीची असते, बिलं जपून ठेव.

---

नाच_रे_मोरा (सकाळी ११:०५)

अभिनंदन. म्हणजे मी एसएसडी टाकू ना?

---

शेंगदाणा (सकाळी ११:०६)

टाक रे बाबा. आधी खुंट्या मोज.

---

खटपट्या (दुपारी १२:४०)

विंडोज चढतंय, ४० टक्के. सगळ्यांचे आभार, संध्याकाळी सविस्तर लिहितो.

एक मात्र. पत्र्यातून दोन खुंट्या आणि ती एक लांब, अशा तीन काढल्या होत्या. डबीत दोनच आहेत.

---

बदलापूर_लोकल (दुपारी १२:४२)

विंडोज राहू दे. बंद कर, मागून वायर काढ, आणि कॅबिनेट उचलून हलव. आवाज येतो का ते सांग.

---

खटपट्या (दुपारी १२:५१)

येतोय.